इनलेटचं मीटर आणि बायपास: हौदात तीन हजार लिटर, मीटरवर सव्वीसशे

सदाफुली_सचिव (जळगाव) | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमची २४ फ्लॅटची इमारत आहे. वाघूरचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही दोनेक तास. टँकर किती मागवायचे यावरून दर महिन्याला मीटिंगमध्ये भांडण, म्हणून कमिटीने स्वतःच्या खर्चाने इनलेटवर मीटर बसवून घेतलं. हे बिलाचं मीटर नाही, फक्त आमच्या हिशेबासाठी आहे.

जोडणी अशी आहे. एक इंची लाइन कंपाउंडच्या आत येते, तिथे टी. सरळ रस्त्यावर बॉल व्हॉल्व्ह, मग जाळीचा स्ट्रेनर, मग २५ मिलिमीटरचं मल्टिजेट मीटर, त्यापुढे दुसरा बॉल व्हॉल्व्ह. टीमधून वरच्या अंगाने बायपास काढलाय, त्यावर पितळी गेट व्हॉल्व्ह, तो कायम बंद. पुढे दोन्ही एकत्र येऊन पाणी हौदात पडतं. बोअरचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, त्याचा इथे संबंध नाही.

हौद आतून ३ मीटर बाय २ मीटर. शनिवारी मी टेप टाकून बसले. ५० मिनिटांत पाणी बरोबर ५० सेंटिमीटर चढलं, म्हणजे ३००० लिटर. मीटरवर मात्र २.६० घनमीटर. आज परत तोच प्रकार. चारशे लिटर कुठे जातात? प्लंबर म्हणतो मीटर स्लो आहे, बदला. बदलू का?

पाना_पक्कड (भुसावळ) | सोमवार, रात्री ९:४०

ताई, प्लंबर बरोबर बोलतोय. तापीचा गाळ आमच्याकडे मीटरची चाकं खाऊन टाकतो, वाघूरचंही काही वेगळं नसणार. दोन पावसाळे गेले की मीटर मागे पडायला लागतं. नवीन टाका आणि मोकळं व्हा.

आणि मीटरच्या पुढचा व्हॉल्व्ह कोणी सांगितला होता? हौद खाली आहे, पाणी उलटं येणार नाही. नवीन मीटर बसवताना तो काढून टाका. एक सांधा कमी, एक गळती कमी. मी तर मागे एकच देतो.

हिशेबी_नाना | सोमवार, रात्री ९:५८

मीटरला बायपास? कमाल आहे. उघड उघड पाणीचोरी आणि वर इथे विचारताय. पकडले गेलात तर कनेक्शन तोडतील.

सदाफुली_सचिव | सोमवार, रात्री १०:०५

नाना, मीटर आमचंच आहे, पालिकेचं नाही. स्वतःच्याच मीटरला फसवून आम्हाला काय मिळणार?

गिरणाकाठ (चाळीसगाव) | सोमवार, रात्री १०:२०

ताई, मन्हं तर उलटं शे. आमच्या रो-हाऊसला अर्ध्या इंची मीटर आहे. पाणी यायच्या आधी पाच-दहा मिनिटं नळातून नुसती फुसफुस, आणि मीटरचा काटा असा पळतो की बघायलाच नको. तठे हवा शे भो, पानी नही! तुमच्याकडेही हवेचाच घोळ असणार. एअर व्हॉल्व्ह लावा.

निवृत्त_पाणीवाला (धुळे) | सोमवार, रात्री १०:५१

गिरणाकाठ, तुमचं निरीक्षण खरं आहे, पण इथे लागू नाही. रिकाम्या लाइनमधली हवा रेटली गेली की मीटर जास्त दाखवतं. ताईंचं मीटर कमी दाखवतंय. हवेचा परिणाम धरला तर तूट चारशेहून थोडी जास्तच निघेल, कमी नाही.

ताई, मीटर बदलायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी सांगा. पहिलं रीडिंग पाणी यायच्या आधी घेतलंत की धार स्थिर झाल्यावर? त्या ५० मिनिटांत वर चढवायची मोटर बंद होती का? आणि बायपासचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो हे कोणी तपासलंय, की चाक फिरत नाही म्हणून बंद धरलाय?

माझा संशय तिसऱ्यावर आहे. गेट व्हॉल्व्ह महिनोन्महिने बंद राहिला की खालच्या खाचेत गाळ बसतो. मग पाचर तळाशी टेकत नाही. वरून चाक घट्ट लागतं, आतून व्हॉल्व्ह पास होत राहतो. ते पाणी हौदात पडतं, म्हणून टेपला दिसतं. मीटरला ते कधीच भेटत नाही.

सदाफुली_सचिव | मंगळवार, सकाळी ७:३०

आप्पा, दोन्ही रीडिंगं धार लागल्यावरच घेतली. पाणी आल्यानंतर वीसेक मिनिटांनी टेप टाकला होता. मोटर बंद होती, वॉचमनला बटणापाशी उभंच केलं होतं. गेट व्हॉल्व्हचं चाक घट्ट आहे, बाकी माहीत नाही. कसं तपासायचं?

निवृत्त_पाणीवाला | मंगळवार, सकाळी ८:१०

उद्या पाणी आलं की असं करा. मीटरच्या मागचा आणि पुढचा, दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करा. बायपास बंदच आहे. आता इमारतीत थेंबही यायला नको. हौदाच्या झाकणातून हात घालून इनलेटच्या तोंडाखाली बादली धरा. धार आली तर ती बायपासमधूनच येतेय, कारण मीटरचा रस्ता दोन्हीकडून बंद आहे. बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजा.

त्याआधी स्ट्रेनरच्या अलीकडे आणि मीटरच्या पलीकडे प्रेशर गेज लावायला जागा आहे का बघा. पाव इंची प्लग असतील तर एकच गेज आलटून पालटून चालेल. मला दोन आकडे हवेत. बादली धरलेली असताना मागचं प्रेशर, आणि नेहमीसारखं पाणी चालू असताना मागच्या-पुढच्या प्रेशरमधला फरक.

पाना_पक्कड, पुढचा व्हॉल्व्ह काढायला सांगू नका. हौदातून पाणी उलटं येणार नाही हे तुमचं खरं. पण मीटर काढायचं आहे आणि इमारतीला पाणी चालू ठेवायचंय, म्हणून तुम्ही बायपास उघडलात. बायपासचं पाणी पुढच्या टीपाशी आलं की ते दोन्हीकडे जाईल, हौदाकडेही आणि मीटरच्या उघड्या तोंडाकडेही. पुढचा व्हॉल्व्ह नसेल तर मीटर काढलेल्या जागेतून कारंजं उडेल. मग बायपास बंदच ठेवावा लागेल. मग तो लावलाच कशाला?

पाना_पक्कड | मंगळवार, सकाळी ९:०२

आप्पा, हे मान्य. मी बायपास फारसे केलेले नाहीत, नुसत्या मीटरला मागचा एक पुरतो. पण गेट व्हॉल्व्हमधून पास होऊन होऊन किती होणार? थेंब थेंब. चारशे लिटर नाही जात त्यातून. मीटरच स्लो आहे, लिहून ठेवा.

एरंडोलकर | मंगळवार, दुपारी १:१५

जरा वेगळा प्रश्न. आमच्या सोसायटीची लाइन दीड इंची आहे, तर मीटरही ४० मिमीच घ्यायचं ना? दुकानदार म्हणतो लाइनएवढं मीटर हवं.

निवृत्त_पाणीवाला | मंगळवार, दुपारी ३:४०

एरंडोलकर, मीटर लाइनवरून नाही, धारेवरून निवडतात. बादली किंवा हौद भरून तासाला किती घनमीटर येतं ते मोजा. २५ च्या मीटरची नेहमीची क्षमता तासाला साडेतीन घनमीटर, ४० च्या मीटरची दहा. तुमच्याकडे तासाला तीन येत असतील तर दीड इंची लाइनवर रिड्यूसर टाकून २५ चंच बसवा. मोठं मीटर बारीक धार नीट मोजत नाही. हौदाचा बॉलकॉक शेवटी शेवटी पाणी अगदी हळू सोडतो, ते हिशेबातून निसटतं. रिड्यूसर मात्र मीटरला चिकटवून देऊ नका, मागे दहा-पंधरा इंच सरळ पाइप ठेवा.

सदाफुली_सचिव | बुधवार, रात्री ८:४५

आप्पा, केलं. आज पाणी संध्याकाळी आलं. दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद, बायपास बंद, आणि हौदात चांगली धार! १५ लिटरची बादली बरोबर एका मिनिटात भरली. वॉचमनने तीनदा भरून बघितली. बादली धरलेली असताना मागचं प्रेशर १.२ किलो. मग मीटरचे व्हॉल्व्ह उघडले. पाणी चालू असताना मागच्या आणि पुढच्या गेजमध्ये ०.३ चा फरक आला.

पण आता नवाच घोळ. मिनिटाला १५ लिटर म्हणजे ५० मिनिटांत ७५० लिटर. तूट तर चारशेचीच आहे. मग मीटर जास्त दाखवतंय की काय?

हिशेबी_नाना | बुधवार, रात्री ९:०५

म्हणजे मीटरही खराब आणि व्हॉल्व्हही खराब. दोघांचे पैसे त्या प्लंबरकडून वसूल करा.

निवृत्त_पाणीवाला | बुधवार, रात्री ९:३०

थांबा नाना. ताईंचा प्रश्न योग्य आहे आणि गंमत त्यातच आहे.

बादलीच्या चाचणीत बायपासच्या व्हॉल्व्हवर अख्खं प्रेशर होतं. मागे १.२ किलो, म्हणजे १२ मीटर पाण्याचा दाब, आणि पुढे हौदाकडे उघडं. नेहमीच्या वेळी तसं नसतं. मीटरचा रस्ता उघडा असतो. तेव्हा बायपासच्या दोन टोकांमध्ये तेवढाच फरक उरतो जेवढा स्ट्रेनर आणि मीटर मिळून खातात. तुमचा तो ०.३ किलो, म्हणजे ३ मीटर.

१२ चे ३ झाले, दाब चौथाई झाला. फटीतून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून ते निम्मं होतं. मिनिटाला १५ ऐवजी साडेसात लिटर. गुणिले ५०, म्हणजे ३७५ लिटर. तुमची तूट ४००. उरलेले २५ लिटर विसरून जा. तुमच्या हौदात एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर, टेप वाचताना अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतोच.

म्हणजे मीटर बरोबर आहे, निदान ते खराब आहे असं म्हणायला काही आधार उरला नाही. दोष बायपासचा.

अजून एक पाहा. तुमच्या मीटरमधून तासाला तीन घनमीटरच्या थोडं वर जातंय. एवढ्या धारेला २५ च्या मीटरने फार तर दोन मीटर दाब खायला हवा. तुमच्याकडे तीन जातोय. वरचा एक मीटर स्ट्रेनर खातोय, त्याची जाळी भरली असणार. जाळी जसजशी तुंबते तसतसा फरक वाढतो आणि बायपासमधून जास्त पाणी निसटतं. तूट महिन्यागणिक वाढत गेली असेल तर कारण हेच, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं मीटर हळूहळू स्लो होतंय.

पाना_पक्कड | बुधवार, रात्री ९:५५

आप्पा, हा हिशेब आम्हाला कोणी शिकवला नव्हता. आम्ही असं दिसलं की मीटर बदलायचो, आणि खरं सांगू, बदलल्यावर तूट कमी पण व्हायची. म्हणून वाटायचं की मीटरच होतं.

निवृत्त_पाणीवाला | बुधवार, रात्री १०:१०

कमी व्हायचीच. मीटर बदलताना तुम्ही जाळीही धुवत असणार. फरक घटला, की गळती घटली.

सदाफुली_सचिव | गुरुवार, सकाळी ६:५०

आता या गेट व्हॉल्व्हचं काय करू? नवीन गेट व्हॉल्व्हच टाकू की बॉल?

निवृत्त_पाणीवाला | गुरुवार, सकाळी ७:२५

आधी फुकटचा उपाय करून बघा. पाणी चालू असताना बायपास पूर्ण उघडा, जोरात वाहू द्या, मग बंद करा. असं चार-पाच वेळा. कधी कधी खाचेतला गाळ निघून जातो. नंतर परत बादली धरा.

नाही जमलं तर बॉल व्हॉल्व्ह, पण एक नको. दोन लावा, मध्ये वीतभर पाइप, आणि त्या पाइपच्या खालच्या अंगाला अर्ध्या इंची नळ. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि मधला नळ उघडा. पहिला व्हॉल्व्ह पास व्हायला लागला की पाणी नळातून खाली टपकेल, हौदात जाणार नाही. तपासायला ना टेप लागेल ना बादली, वॉचमन येता-जाता बघेल. नळाखालचं चेंबर मात्र कोरडं ठेवा, नाहीतर टपकलेलं कळणार नाही.

माझं खरं मत विचाराल तर तुम्हाला बायपास लागतच नाही. हौद आहे, पाणी एक दिवसाआड येतं. मधल्या दिवशी लाइन रिकामी असते, तेव्हा युनियन सोडून मीटर खुशाल काढा. मीटरच्या लांबीचा एक पाइपचा तुकडा दोन्हीकडे आटे पाडून चेंबरमध्ये टांगून ठेवा. मीटर दुरुस्तीला गेलं की त्या जागी तुकडा. २५ चं मीटर साधारण २६० मिलिमीटर लांब असतं, तरी तुमचं मोजून घ्या. व्हॉल्व्हच नाही, तर पास कुठून होणार?

गिरणाकाठ | गुरुवार, सकाळी ८:४०

आणि पाणी चालू असतानाच जाळी तुंबली तर? आमच्याकडे पावसाळ्यात गिरणेचं पाणी असं गढूळ येतं की अर्ध्या तासात धार करंगळीएवढी होते. मिळतात दीड तास, त्यातली वीस मिनिटं जाळी धुण्यात घालवायची? तवलोंग पानी जाई ना भो. मी तर बायपास ठेवीन.

निवृत्त_पाणीवाला | गुरुवार, सकाळी ९:१५

हा मुद्दा बिनतोड आहे. मीटरचं चाक अडकलं तरी पाणी बहुतेक वेळा त्यातून जात राहतं. जाळी तुंबली की मात्र खरंच थांबतं. तशी परिस्थिती असेल तर बायपास ठेवा. पण पहिला गढूळ लोट मीटरपर्यंत जाऊच देऊ नये म्हणून मागच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे एक धुणीचा नळ काढा आणि पाणी आलं की आधी तो उघडा. तुमची हवाही बरीचशी तिथूनच निघेल.

पाना_पक्कड | गुरुवार, सकाळी १०:००

धुण्याच्या नळाला माझा पाठिंबा. ताई, जोडणी खोलणारच आहात तर पुढचा पाइप बघून घ्या. मीटर हौदाच्या तोंडापेक्षा उंच असेल तर ते अर्धं रिकामं चालतं. पुढे पाइप मीटरच्या वर उचलून मग हौदात सोडा, म्हणजे मीटर भरलेलं राहील. हे मी शंभर टक्के खात्रीने सांगतो, आप्पांनी तपासावं.

निवृत्त_पाणीवाला | गुरुवार, सकाळी १०:२०

तपासलं, पास. म्हणजे तुमचा मुद्दा पास, व्हॉल्व्ह नव्हे.

सदाफुली_सचिव | रविवार, दुपारी १२:३०

काम झालं. आधी गेट व्हॉल्व्ह उघड-बंद करून बघितला. बादली मिनिटाऐवजी दीड मिनिटात भरायला लागली, पण धार काही थांबली नाही. कमिटीत मी आप्पांचा पाइपचा तुकडा मांडला, पण दोन आजोबांनी हट्टच धरला की बायपास हवाच, रात्री-बेरात्री पाणी थांबलं तर कोण खाली उतरणार? शेवटी दोन बॉल व्हॉल्व्ह आणि मधला नळ केला. पुढचा पाइप उचलून घेतला. धुण्याचा नळ काढला. स्ट्रेनर खोलला तर जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग चिखलाने भरलेला, वर प्लॅस्टिकची कात्रणं.

आज सकाळी पाणी आलं. गेजमधला फरक ०.२ च्या आसपास. ५० मिनिटांत हौद ५२ सेंटिमीटर चढला, म्हणजे ३१२०, आणि मीटरवर ३.०७. मधला नळ कोरडा.

निवृत्त_पाणीवाला | रविवार, दुपारी १:१०

५० लिटरचा फरक म्हणजे टेपवर एक सेंटिमीटरसुद्धा नाही. दोन टक्क्यांच्या आतलं आहे आणि तेवढी सूट मीटरला मुळातच असते. याहून खोलात जायचं तर टेप सोडून मीटर चाचणी बेंचवर न्यावं लागेल. तुमच्या हिशेबाला त्याची गरज नाही.

मीटर परत चालू करताना काय क्रम केला?

सदाफुली_सचिव | रविवार, दुपारी १:२५

प्लंबरने मागचा व्हॉल्व्ह एकदम उघडला. काटा भिंगरीसारखा फिरला.

निवृत्त_पाणीवाला | रविवार, दुपारी १:४०

पुढच्या वेळी तसं करू देऊ नका. पुढचा व्हॉल्व्ह थोडासा किलकिला करा, मग मागचा अगदी हळू उघडा. हवा निघून मीटर भरलं की मागचा पूर्ण उघडा, मग पुढचा. बायपास सगळ्यात शेवटी बंद. रिकाम्या मीटरवर पाण्याचा लोट आदळला की आतले दाते तुटतात, आणि धार कमी करायची असेल तेव्हाही कायम पुढच्या व्हॉल्व्हने करा. मागचा अर्धवट ठेवला तर मीटरमध्ये पाणी घुसळत शिरतं.

हिशेबी_नाना | रविवार, दुपारी २:३०

सगळं ठीक. पण उद्या पालिकेने स्वतःचं बिलाचं मीटर लावलं तर हा बायपास ठेवू देतील?

निवृत्त_पाणीवाला | रविवार, दुपारी ३:०५

नाना, पहिल्यांदाच नेमका प्रश्न विचारलात. बिलाच्या मीटरला ग्राहकाच्या हातातला बायपास कोणतंही पाणीखातं सहज मान्य करत नाही. दिला तरी बंद करून सील ठोकून देतात, आणि सील तुटलेलं दिसलं की पुढचं बोलणं दंडाचं. ताईंची जोडणी त्या मीटरच्या पुढे, स्वतःच्या बाजूला राहिली तर अडचण नसावी. त्याच जागेवर त्यांचं मीटर आलं तर काय, ते तेव्हाच्या अटी बघून ठरवावं लागेल. आत्ता लेखी विचारून ठेवलेलं बरं.

पाना_पक्कड | रविवार, दुपारी ३:२०

सील ठोकलं तर मधला नळ पण सीलच्या आत जाईल का बाहेर? बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर टपकतंय का ते कोण बघणार.

एरंडोलकर | रविवार, संध्याकाळी ६:००

आप्पा, मोजलं. आमच्याकडे तासाला २.८ घनमीटर येतंय. २५ चंच घेतो. दुकानदार ४० चं परत घेणार का, ते बघतो आता.